तीस फुटांचा ओटा, पंचेचाळीस फुटांची लादी

उज्जैनच्या दगडबाजारात ओट्यासाठी ग्रॅनाइट घ्यायला येणारा माणूस बहुधा एकच आकडा घेऊन येतो. घरी टेपने लांबी-रुंदी मोजून, गुणून त्याने क्षेत्रफळ काढलेले असते. इतके फूट लागेल, भाव काय, एवढाच त्याचा प्रश्न. या कामात राहून माझे मत पक्के झाले आहे की हा आकडा मोजणीसाठी खरा असला तरी खरेदीसाठी निरुपयोगी आहे. ग्रॅनाइट पाण्यासारखे मापाने ओतून मिळत नाही. ते ठरावीक लांबी-रुंदीच्या लाद्यांत येते, आणि त्या लाद्यांतून आपले तुकडे निघतात की नाही एवढाच खरा प्रश्न असतो. म्हणून आधी कापणीचा नकाशा काढावा, त्यावरून लादी निवडावी आणि क्षेत्रफळ सर्वांत शेवटी, फक्त बिल तपासण्यापुरते पाहावे. एल आकाराच्या ओट्यात हा क्रम उलटा झाला की नुकसान नक्की होते. त्यात कोपरा असतो, जोड असतो आणि सिंकसाठी पाडलेले भोक असते, आणि या तिन्ही गोष्टी क्षेत्रफळाच्या आकड्यात दिसत नाहीत.

एक नमुना घेऊ. स्वयंपाकघराची खिडकीकडची भिंत दहा फुटांची, म्हणजे १२० इंच, दोन्ही बाजूंना भिंतीत बंद. तिला काटकोनात दुसरी भिंत, तिच्यावर ओटा सात फुटांचा, म्हणजे ८४ इंच. त्याच्या मोकळ्या टोकापाशी फ्रिज. ओट्याची रुंदी पुढच्या कडेसकट २४ इंच. सिंक खिडकीखाली, गॅस सात फुटांच्या बाजूला. ग्रॅनाइट थेट खालच्या उभ्या दगडांवर किंवा कपाटांवर टेकणार आहे. पहिली चूक इथेच होते. लोक दोन्ही लांब्या मिळवून रुंदीने गुणतात. १२० अधिक ८४ म्हणजे २०४, गुणिले २४, भागिले १४४, उत्तर ३४ चौरस फूट. यात कोपऱ्याचा २४ बाय २४ चा चौकोन दोनदा मोजला गेला. तो एकदाच धरला की एका बाजूला १२० बाय २४ आणि दुसऱ्या बाजूला फक्त ६० बाय २४ उरते, आणि बेरीज बरोबर ३० चौरस फूट येते. चार फुटांचा हा फरक बिलात दिसतो, म्हणून तो पकडला जातो. खरी अडचण त्या बरोबर आलेल्या तीसमध्ये आहे.

तीसवर दहा टक्के वाया जाईल असे धरून ३३ फूट मागणारा गिऱ्हाईक हुशार समजला जातो. त्याला आठ फूट लांब आणि २५ इंच रुंद अशा दोन लाद्या मिळाल्या, तर त्या मिळून ३३ फुटांहून थोड्या जास्तच भरतात. हिशेब जुळला. पण लादीच्या कडा सरळ नसतात. त्या उबडखाबड असतात आणि प्रवासात त्यांचे टवके उडालेले असतात. प्रत्येक कडेचा अर्धा इंच तरी काढून टाकावा लागतो. मग २५ इंचांची रुंदी बरोबर २४ वर येते आणि ९६ इंचांची लांबी ९५ वर. आता या ओट्याची मांडणी पाहा. कोपरा सात फुटांच्या तुकड्यात घ्यायचा ठरवला, तर एक तुकडा ८४ बाय २४ चा आणि दुसरा उरलेल्या भिंतीपुरता ९६ बाय २४ चा लागतो. पहिला निघतो, दुसरा एका इंचाने तोकडा पडतो. कोपरा दहा फुटांच्या बाजूत घ्यावा तर तो तुकडा १२० इंचांचा होतो, तो तर मुळीच निघत नाही. क्षेत्रफळ तीन फुटांनी जास्त असूनही ओटा होत नाही. शिवाय पुढच्या कडेखाली चिकटवायची पट्टी अजून धरलेलीच नाही, आणि त्या लाद्यांच्या रुंदीत आता तिच्यासाठी काहीच उरलेले नाही.

या पट्टीबद्दल सावकाश बोलले पाहिजे, कारण ती शोभेची वस्तू आहे असा समज आहे. बाजारात मिळणारे ग्रॅनाइट साधारण १८ मिलिमीटर जाडीचे असते. कड भरीव दिसावी म्हणून त्याच दगडाची तीन इंची पट्टी कडेखाली आडवी चिकटवतात आणि दोन्ही मिळून गोलाई काढून पॉलिश करतात. दिसायला ती कड जाड होते, पण तिचे खरे काम सिंकपाशी आहे. २४ बाय १८ चे सिंक वरून बसवायचे, तर भोक २३ बाय १७ चे पाडतात. रुंदीतून १७ गेले की सात इंच उरतात, साडेतीन पुढे आणि साडेतीन मागे. म्हणजे भांडी घासणारा माणूस ज्या कडेला पोट टेकून उभा राहतो, ती कड २३ इंचांपर्यंत खाली कशाचाही आधार नसलेली साडेतीन इंचांची दगडी फळी असते. दगड दाब सोसतो, वाक सोसत नाही. त्याच्या खालच्या बाजूला ताण आला की तो सूचना न देता तुटतो. फळीची जाडी दुप्पट झाली आणि दोन्ही थर नीट एकजीव चिकटले, तर तिचा ताठपणा दुप्पट नाही, आठपट होतो. तीन इंची पट्टी जवळजवळ सगळी कड व्यापत असल्याने हा फायदा बहुतांशी पदरात पडतो. मात्र एक अट आहे. ही पट्टी सिंकसमोर अखंड असली पाहिजे. उरलेल्या तुकड्यांतून जोडून-जोडून लावलेल्या पट्टीचा सांधा नेमका सिंकसमोर आला, तर बाहेरून कड जाड दिसेल आणि आतून ती १८ मिलिमीटरचीच राहील.

आता याच ओट्यासाठी नऊ फूट लांब आणि ३० इंच रुंद अशा दोन लाद्या घ्या. प्रत्येकी साडेबावीस, मिळून ४५ चौरस फूट. कडा काढल्यावर १०७ बाय २९ इंच वापरायला उरते. पहिलीतून ९६ बाय २४ चा तुकडा निघतो, आणि त्याला लागूनच, त्याच दगडातून, ९६ इंच लांब आणि तीन इंच रुंद अखंड पट्टी निघते. पात्याने खाल्लेले दोन-तीन मिलिमीटर धरूनही रुंदीत जवळजवळ दोन इंच शिल्लक राहतात. दुसरीतून ८४ बाय २४ चा तुकडा आणि शेजारून ६० व २४ इंचांच्या दोन पट्ट्या, एक गॅसच्या बाजूच्या पुढच्या कडेला आणि दुसरी फ्रिजकडच्या मोकळ्या टोकाला. पट्ट्यांचे पावणेचार फूट धरून प्रत्यक्ष वापर ३३ फूट आणि वर पाऊण. म्हणजे मघाशी दहा टक्के वाढवून मागितलेल्या ३३ फुटांच्या अगदी जवळचाच दगड ओट्यात जातो. फरक इतकाच की तो योग्य लांबी-रुंदीच्या लादीतून येतो. शिवाय पट्टी ज्या तुकड्याखाली लागते त्याच्याच शेजारून कापलेली असल्याने ठिपके आणि रंगाची झाक तंतोतंत जुळते, आणि गोलाई काढल्यावर सांधा शोधूनही सापडत नाही.

यावर पहिला आक्षेप पैशांचा, आणि तो रास्त आहे. तीस फुटांच्या ओट्यासाठी पंचेचाळीस फुटांचे पैसे का द्यावेत? याचे एक उत्तर असे की उरलेला सव्वाअकरा फूट दगड सगळाच कचरा नसतो. दुसऱ्या लादीच्या टोकाला २३ बाय २९ इंचांचा अखंड तुकडा राहतो. त्यातून जोडाखाली लावायची एक पट्टी काढून उरलेल्या दगडाची खिडकीची पाटली किंवा भांड्यांचा एक खण होतो. सिंकच्या भोकातून निघालेला तुकडाही फेकण्यासारखा नसतो. दुसरे उत्तर उज्जैनच्या भूगोलात आहे. माळव्याचे पठार बेसाल्टचे, दख्खनच्या लाव्ह्याचे, इथे ग्रॅनाइटची खाण नाही. जवळचा म्हणून कोट्याचा चुनखडीचा दगड या भागात सगळीकडे वापरला गेला, जुन्या घरांतले ओटेही त्याचेच. ग्रॅनाइट राजस्थानातल्या जालोरकडून येते, बुंदेलखंडातून येते, काळे दक्षिणेतून येते. ३३ फुटांत ओटा बसला नाही तर तिसरी लादी आणायला जावे लागते, आणि तोवर त्या गठ्ठ्यातल्या लाद्या गेलेल्या असतात. नाव तेच असते, पण वेगळ्या ब्लॉकमधून आलेल्या दगडाची झाक वेगळी असते. तेव्हा तिसरी अखंड लादी पूर्ण भावाने घ्यावी लागते आणि ती जुळतही नाही. दोन्ही बाजूंचा हिशेब मांडला की पंचेचाळीस स्वस्त ठरतात.

सिंकचे भोक क्षेत्रफळातून वजा करावे, असा दुसरा आग्रह असतो. २३ गुणिले १७ म्हणजे पावणेतीन फुटांच्या आसपास, आणि तेवढ्याचे पैसे का, हा प्रश्न गिऱ्हाइकाला साहजिकच पडतो. पण तो दगड लादीतून कापूनच निघतो, लादी त्याच्यासकट विकत घ्यावी लागते आणि भोक पाडण्याची मजुरी वेगळी पडते. वजाबाकी करून ३० चे २७ केले की आपण अशी लादी शोधायला लागतो जी अस्तित्वातच नाही. नकाशात मात्र भोक काढलेच पाहिजे, आणि तेही कागदावरच्या अंदाजाने नाही. सिंक आधी विकत घेऊन, त्याच्यासोबत येणारा साचा किंवा खुद्द सिंक दगडावर उलटे ठेवून रेघ मारावी. सिंक वरून बसणारे आहे की खालून, यावरून भोकाचे माप बदलते. खालून बसवायचे असेल तर भोकाची आतली कड उघडी राहते आणि तिला पॉलिश करावे लागते. नळ भिंतीत नसून ओट्यावर असेल तर मागच्या साडेतीन इंचांत त्याचेही भोक येते आणि ती पट्टी आणखी नाजूक होते. अशा वेळी सिंक अर्धा इंच पुढे सरकवण्यापेक्षा कमी रुंदीचे सिंक निवडणे मला जास्त बरोबर वाटते.

भोक पाडण्याची रीतही नकाशाचाच भाग मानावी. हातातल्या कटरचे पाते गोल असते. काटकोनी कोपरा तळापर्यंत कापायचा, तर पृष्ठभागावर पाते कोपऱ्याच्या पुढे जातेच. ही पुढे गेलेली बारीक चीर म्हणजे तडा कुठून सुरू व्हायचा याची दगडाला दिलेली खूणच असते, आणि काही महिन्यांनी गरम पातेले आणि थंड पाणी यांच्या फेऱ्यांत तडा तिथूनच पुढच्या कडेकडे जातो. यावर उपाय जुना आणि सोपा आहे. चारही कोपऱ्यांत आधी गोल भोके पाडावीत आणि कटर एका भोकापासून दुसऱ्यापर्यंतच चालवावा. कोपरा गोल राहिला की ताण एका बिंदूवर गोळा होत नाही. सिंकची कड ती गोलाई झाकते, त्यामुळे दिसण्यात काही फरक पडत नाही. हे काम लादी जागेवर नेल्यावर करावे. भोक पाडलेला तुकडा गाडीतून आणि जिन्यावरून नेताना त्या साडेतीन इंची फळ्यांवरच मोडतो. कापताना पाणी सोडत राहावे. ग्रॅनाइटमधल्या क्वार्ट्‌झची कोरडी धूळ फुप्फुसात बसते. याच माळव्यात, मंदसौरच्या पाटीच्या पेन्सिलींच्या कारखान्यांत, दगडाच्या धुळीने सिलिकोसिस होऊन कामगार गेले, हे विसरून चालणार नाही.

राहिला जोड. आपल्या मांडणीत तो आतल्या कोपऱ्यापासून खिडकीच्या भिंतीपर्यंत सरळ जातो, २४ इंच लांब, आणि कोपऱ्याच्या भिंतीपासून २४ इंचांवर असतो. सिंक दहा फुटांच्या मध्यावर घेतले तर त्याचे भोक या जोडापासून आणखी २४ इंच दूर राहते. म्हणजे ओला भाग आणि सांधा यांच्यात भरपूर अखंड दगड येतो. कोपऱ्यातून तिरका जोड घ्यावा, तो जास्त सुंदर दिसतो, असे सुचवणारे भेटतात. तिरका जोड ३४ इंच लांब होतो, दोन्ही तुकड्यांची टोके अणकुचीदार आणि ठिसूळ होतात, आणि मुख्य म्हणजे खिडकीकडचा तुकडा मागच्या कडेला पुन्हा १२० इंचांचा लागतो. नऊ फुटी लादीतून तो निघतच नाही. एल आकार एकाच मोठ्या लादीतून अखंड कोरावा, असेही काहींना वाटते. त्यात आतल्या कोपऱ्यावर सिंकच्या कोपऱ्यासारखाच ताण येतो आणि तो आकार दारातून, वळणातून आत नेणे अशक्य होते. सरळ जोड हा इथे नाइलाज म्हणून पत्करलेला नाही. दगड जिथे स्वतः तुटला असता तिथे आपणच तो नीट विभागलेला आहे. त्याखाली त्याच दगडाची चार इंची पट्टी इपॉक्सीने चिकटवावी आणि शक्य असेल तर तिथे एक उभा दगड द्यावा.

याच संदर्भात एक आक्षेप मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो, कारण तो अनुभवी मिस्त्रींचा आहे. त्यांचे म्हणणे असे की जोड सिंकमधूनच न्यावा. तिथे २४ इंचांपैकी १७ इंच भोकातच जातात, पुढे-मागे मिळून सातच इंच सांधा दिसतो आणि लहान लाद्यांतही काम होते. दिसण्यापुरते हे खरे आहे. आठ फुटी लाद्याच मिळत असतील आणि भिंत लांब असेल, तर दुसरा मार्गही नसतो. पण तसे करताना पुढच्या फळीचा आधार म्हणून मघाशी सांगितलेली अखंड पट्टी हवीच, आणि तिला तोलायला खाली लोखंडी कोन किंवा सिंकच्या दोन्ही बाजूंना जवळ घेतलेले उभे दगड हवेत. घरातली सर्वांत जास्त पाणी पडणारी जागा हीच, त्यामुळे सांध्यातला मसाला आधी इथेच सुटतो. दिसणे आणि टिकणे यांत निवड करायची असेल तर मी २४ इंचांचा कोरड्या जागी असलेला सांधा निवडेन. काळ्या दगडात रंग मिसळलेल्या इपॉक्सीने भरून घासलेला सांधा दोन हातांवरून क्वचितच डोळ्यांत भरतो.

३० इंच रुंदीचा आणखी एक उपयोग आहे, आणि जुन्या उज्जैनमध्ये तो फार मोलाचा ठरतो. इथल्या जुन्या घरांचे कोपरे काटकोनात असतातच असे नाही. सिंहस्थ २०२८ च्या तयारीत जुन्या भागातले काही रस्ते रुंद झाले, घरांचे पुढचे भाग कापले गेले आणि नव्या भिंती रस्त्याच्या रेषेत उठल्या. अशा घरात मागची भिंत एका दिशेला आणि पुढची दुसऱ्या दिशेला जाते. कोपरा फक्त एक अंशाने चुकला तर सात फुटांवर जवळपास दीड इंच फरक पडतो. तपासायचे साधन टेपच. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३६ इंचांवर आणि दुसरीवर ४८ इंचांवर खूण करावी. दोन खुणांमधले अंतर ६० इंच भरले तर काटकोन आहे. हे माप गिलावा झाल्यावर आणि ओट्याच्या उंचीवर घ्यावे, जमिनीपाशी नाही, कारण भिंत उभ्यातही झुकलेली असू शकते. पाऊण इंचापर्यंतची फट नंतर लागणाऱ्या टाइलच्या आणि मसाल्याच्या जाडीत झाकली जाते. त्याहून जास्त फरक असेल तर तुकडा एका टोकाला साडेपंचवीस इंच रुंद आणि तिरका कापावा लागतो. २९ इंचांच्या वापरायोग्य रुंदीत तो तीन इंची पट्टीसकट जेमतेम निघतो. २५ इंची लादीत तो निघायचा प्रश्नच येत नाही.

मग साडेनऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद अशी एकच मोठी लादी का घेऊ नये? सव्वाबावन्न फुटांच्या त्या लादीत दोन्ही तुकडे एकाखाली एक बसतात, सगळा दगड एकाच अंगाचा मिळतो, आणि ठिपक्यांऐवजी लाटा असलेला दगड असेल तर मीही तीच सुचवेन. पण १८ मिलिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचे वजन दर चौरस फुटाला साधारण साडेचार किलो भरते. ही लादी दोनशे पस्तीस किलोंची होते. नऊ फुटी लादी शंभरच्या आसपास, आणि ती चार माणसे उभी धरून गल्लीतून आणि जिन्यावरून नेऊ शकतात. मोठी लादी घेतली तर ती दुकानातच कापून आणावी लागते, म्हणजे काटकोनाचे माप आणि नकाशा त्याआधी पक्का हवा. नकाशाशिवाय मोठी लादी घेणे हा लहान लादीपेक्षा महाग जुगार आहे. बारीक ठिपक्यांच्या दगडात एकाच गठ्ठ्यातल्या लागोपाठच्या दोन लाद्या पुरतात.

लादी पसंत करताना नकाशा हातात असला की आणखी एक तपासणी करता येते, जी क्षेत्रफळावर कधीच करता येणार नाही. लादीवर पाणी टाकून पुसून घ्यावी आणि ती वाळताना पाहावी. बाकी पृष्ठभाग कोरडा झाल्यावरही एखादी बारीक ओली रेघ उरत असेल, तर तिथे केसासारखी भेग आहे. मागच्या बाजूला तीच रेघ दिसली तर ती आरपार गेली आहे. अशी लादी लगेच टाकून द्यायची गरज नाही. खडूने तिच्यावर ९६ चा तुकडा, पट्टी आणि सिंकचे भोक काढून बघावे. रेघ भोकाच्या आत येत असेल किंवा टोकाच्या उरणाऱ्या भागात जात असेल, तर लादी चालेल आणि भावातही सूट मागता येईल. ती भोकाच्या कोपऱ्यातून पुढच्या कडेकडे जात असेल, तर आधी लादी फिरवून, तुकड्याचे डावे-उजवे टोक बदलून पाहावे. तरीही ती त्याच फळीत येत असेल, तर शेजारची लादी काढायला सांगावी.